गोदामातली हळद पुरात भिजली, तर नुकसान कोणाचे? ठेव, गहाण आणि सांभाळणाऱ्याची जबाबदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली भागात हळदीची काढणी जानेवारीपासून सुरू होते आणि कृष्णेला पाणी चढते ते जुलै-ऑगस्टमध्ये. मधल्या काळात भाव वाढायची वाट बघत हजारो पोती कुणाच्या तरी गोदामात असतात. २००५ च्या पुरात आमच्या घरची हळद हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यात होती. पाणी ओसरल्यावर पेव उघडले, कोंदट हवा निघून जाईपर्यंत आम्ही तोंडाशी बसून राहिलो, आणि मग टोपलीतून वर आला तो काळपट चिखल. नुकसान कोणी भरून द्यायचे, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. माल आमचा, म्हणून नुकसानही आमचे, असेच सगळे धरून चालले. पुढे वकिली करताना कळले की हे नेहमीच खरे नसते. पक्षकार मला जे प्रश्न विचारतात, ते इथे हळदीच्याच उदाहरणाने घेतले आहेत.

‘बेलमेंट’ म्हणजे नेमके काय?

एखादी वस्तू काही कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झाले की त्याने तीच वस्तू परत करायची किंवा आपण सांगू त्याला द्यायची, असे ठरले की झाले बेलमेंट. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ मध्ये त्याची व्याख्या आहे. कायद्याच्या मराठीत याला निक्षेप म्हणतात. पण कोर्टाबाहेर हा शब्द कुणी वापरत नाही, म्हणून इथे साधे ‘ठेव’, ‘ठेवणारा’ आणि ‘सांभाळणारा’ हेच शब्द वापरतो. ड्रायक्लीनरकडे दिलेली पैठणी, गॅरेजमधली मोटारसायकल, शिंप्याकडचे कापड, गोदामातली पोती, हे सगळे यात येते.

यात मालकी हलत नाही, फक्त ताबा हलतो. नुकसान कोणाचे, या प्रश्नाची सुरुवात इथून होते. मालकी तुमचीच राहिल्यामुळे कुणाचीच चूक नसताना माल गेला, तर तो तुमचा गेला. सांभाळणाऱ्याकडून भरपाई मिळवायची तर त्यासाठी वेगळे कारण लागते. ती कारणे कोणती, हे पुढे येईलच.

ताबा खरोखर दिला होता का, हे कसे ठरते?

मद्रास उच्च न्यायालयाचा १९३८ सालचा एक निकाल मी नेहमी सांगतो. एका बाईंनी जुने दागिने आटवून नवे घडवायला सोनाराला दिले. त्या रोज संध्याकाळी अर्धवट घडलेले दागिने परत घ्यायच्या, सोनाराच्याच खोलीतल्या पेटीत ठेवायच्या आणि किल्ली स्वतः घेऊन जायच्या. एका रात्री चोरी झाली. कोर्टाने सांगितले की रोज संध्याकाळी ताबा बाईंकडे परत येत होता, त्यामुळे रात्रीच्या चोरीला सोनार जबाबदार नाही.

गोदामालाही हाच नियम लागतो. तुम्ही नुसता गाळा भाड्याने घेतला, कुलूप तुमचे, किल्ली तुमची आणि पोती ठेवणे-काढणे तुमचे हमाल करत असतील, तर तुम्ही भाडेकरू आहात. माल तुमच्याच ताब्यात आहे. गोदामवाल्याने वजन करून पोती आत घेतली, लॉट नंबर टाकला, पावती दिली आणि कुलूप त्याचे असेल, तर ती ठेव. बँकेच्या लॉकरवरून जुना वाद चालायचा तोही यामुळेच, कारण आत काय आहे हे बँकेला माहीत नसते. त्याबाबत २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना हात झटकता येणार नाहीत असे सांगितले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम केला की आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक अशा प्रसंगी बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीइतकी राहील.

हळद अडत्याच्या दुकानात पडून होती. ती ठेव धरायची की विक्री?

तुमची तीच पोती परत मिळणार होती, किंवा तुम्ही सांगाल तेव्हा तुमच्या वतीने ती विकली जाणार होती, तर माल तुमचा आणि तो सांभाळण्याची जबाबदारी अडत्याची. पण ‘माल आत्ता टाका, तो मी माझ्या मालात मिसळून विकेन, तुम्ही याल त्या दिवशीच्या भावाने पैसे देईन’ असे ठरले असेल, तर तीच पोती परत द्यायचे बंधन उरत नाही. त्याने माल घेतला आणि तुमचे पैसे देणे लागला. मग पूर आला तरी नुकसान त्याचे आणि तुमचे पैसे त्याने द्यायचेच. असे व्यवहार गावोगाव तोंडी होतात आणि पूर ओसरला की दोघांची आठवण वेगवेगळी निघते. पावतीवर ‘ठेव’ किंवा ‘खरेदी’ एवढा एक शब्द असला तरी निम्मा खटला वाचतो.

सांभाळणाऱ्याने किती काळजी घ्यायची असते?

कलम १५१ चे मोजमाप असे आहे : तेवढ्याच आकाराचा, तशाच प्रतीचा आणि तेवढ्याच किमतीचा स्वतःचा माल त्याच परिस्थितीत असता, तर सामान्य शहाणा माणूस जेवढी काळजी घेईल तेवढी. तेवढी घेतली असेल, तर कलम १५२ प्रमाणे माल गेला, खराब झाला किंवा नष्ट झाला तरी तो जबाबदार नाही. त्याने वेगळी हमी लिहून दिली असेल तर मात्र ती बंधनकारक.

‘मी माझ्या मालाचीही एवढीच काळजी घेतो’ ही सबब चालत नाही. तो स्वतः निष्काळजी असेल तर त्याचे मोजमाप तुमच्या मालाला लागू होत नाही. आणि भाडे घेतले नाही, शेजारधर्म म्हणून पोती ठेवून घेतली, तरी आपल्या कायद्यात मोजमाप हेच. कलमातले शब्दच ‘सर्व प्रकारच्या ठेवींत’ असे आहेत. फुकट सांभाळणाऱ्याला हे कडक वाटते, आणि मला त्याचे वाईटही वाटते. पण ‘त्याच परिस्थितीत’ या शब्दांत त्याला थोडी जागा मिळते. घराच्या सोप्यात ठेवलेल्या पोत्यांसाठी कुणी रात्रपाळीचा पहारेकरी नेमत नाही आणि कोर्टही तशी अपेक्षा ठेवत नाही.

पूर ही दैवी आपत्ती ना? मग गोदामवाला सुटला?

या प्रश्नाचे उत्तर लोकांना वाटते तितके सरळ नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १९३३ चा एक निकाल गोदामवाल्यांच्या बाजूने नेहमी दाखवला जातो. त्यात धान्य अनपेक्षित पुरात खराब झाले होते आणि सांभाळणारा सुटला. पण तो सुटला, कारण असा पूर येईल असे शहाण्या माणसालाही वाटले नसते आणि त्याने जमेल ते केले होते. नुसते ‘पूर आला’ एवढ्यावर कोणी सुटत नाही.

आता सांगलीचा विचार करा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ साली नदीकाठच्या भागात पाणी शिरले तेव्हा ‘एवढे पाणी आम्ही पाहिले नव्हते’ या म्हणण्यात तथ्य होते. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा एखादा म्हणू शकत होता की २००५ ची खूण धरून मी पोती वर रचली होती, पाणी त्याच्याही वर आले. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. यापुढे त्याच पट्ट्यातल्या गोदामवाल्याला ‘मला कल्पना नव्हती’ म्हणणे फार अवघड आहे. कोयनेतून किती विसर्ग सुरू आहे हे तासातासाला जाहीर होत असते. पाणी पुलापाशी ३५ फुटांवर असताना शहाणा माणूस स्वतःची हळद खालच्या थप्पीत ठेवून घरी झोपेल का, असा प्रश्न कोर्ट विचारते.

त्यामुळे एकाच पुरात शेजारशेजारच्या दोन गोदामांचे निकाल वेगळे लागू शकतात. एकाने दोन दिवस आधी ट्रॅक्टर लावून माल उंचावरच्या जागी हलवायला सुरुवात केली, मालकांना फोन केले, रस्ता बंद झाल्यावर उरलेला माल गेला. तो बहुधा सुटेल. दुसऱ्याने शटर ओढले आणि गावाला गेला. त्याला भरून द्यावे लागेल.

निष्काळजीपणा मी सिद्ध करायचा, की काळजी घेतल्याचे त्याने?

माल चांगल्या स्थितीत दिला आणि परत मिळाला नाही किंवा खराब मिळाला, एवढे तुम्ही दाखवायचे. त्यापुढे ‘मी योग्य काळजी घेतली होती’ हे सांभाळणाऱ्याने सिद्ध करायचे. कारण बंद शटरच्या आत काय घडले हे त्यालाच ठाऊक असते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ताज महल हॉटेलच्या प्रकरणात हे नीट मांडले आहे. १९९८ साली दिल्लीत एका पाहुण्याने मारुती झेन हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे पार्किंगसाठी दिली. तो रात्री परत येईपर्यंत दुसऱ्यांनीच गाडी पळवली होती. पार्किंगच्या टॅगवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होते. कोर्टाने हॉटेलला जबाबदार धरले. किल्ली आणि गाडी हॉटेलच्या माणसाच्या हातात गेली तिथेच ठेव झाली आणि गाडी का परत देता आली नाही, याचे समाधानकारक उत्तर हॉटेलकडे नव्हते.

आमच्या पावतीमागे ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असे छापले आहे. मग काहीच मिळणार नाही का?

त्या वाक्यावर विसंबून दावा सोडू नका. ताजच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा छापील अटीने टाळता येत नाही. चोरी तिसऱ्याने केली असली तरी आधी हॉटेलने आपली काळजी दाखवायची, छापील अटीचा विचार त्यानंतर.

तो निकाल हॉटेल आणि पाहुणा यांच्यातला होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. इतर व्यवहारांत करार करून कलम १५१ पेक्षा कमी जबाबदारी घेता येते का, यावर उच्च न्यायालयांची मते वेगवेगळी आहेत. १९२० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने एका जहाज कंपनीच्या प्रकरणात तशी सूट मान्य केली होती. म्हणून मी पक्षकाराला आधी विचारतो की ती अट तुम्ही माल ठेवताना वाचली होती का, तिच्यावर सही केली होती का. पावती माल आत गेल्यावर हातात पडली असेल आणि अट मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात असेल, तर तुमची बाजू बरीच बळकट होते.

गोदामवाल्याची चूक नसतानाही तो जबाबदार ठरतो असे कधी होते?

होते, आणि अनेकांचे दावे इथेच जिंकले जातात. दोन प्रसंग नीट समजून घ्या.

पहिला, परत द्यायची वेळ उलटल्यावर. समजा, मुदत ३० जूनला संपली. तुम्ही १ जुलैला भाड्याचे पैसे घेऊन ट्रॅक्टरसह गेलात आणि ‘हमाल नाहीत, पुढच्या आठवड्यात या’ असे तीनदा ऐकलेत. ऑगस्टमध्ये पूर आला. कलम १६१ सांगते की सांभाळणाऱ्याच्या चुकीमुळे माल वेळेवर परत झाला नसेल, तर त्या वेळेपासून पुढच्या कोणत्याही नुकसानीला तो जबाबदार आहे. मग पूर कितीही मोठा असो, पोती कितीही उंच रचलेली असोत. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. गोदामवाला ‘माल न्या’ म्हणत होता आणि भाव येईल म्हणून तुम्हीच नेला नाही, तर हे कलम तुमच्या मदतीला येत नाही. आणि तुम्ही परत मागितले होते याचा पुरावा हवा. व्हॉट्सअॅपवरचा तारीख असलेला एक मेसेज पुरतो, पण तो हवा.

दुसरा प्रसंग, न विचारता माल दुसरीकडे हलवणे किंवा वापरणे. मिरज रस्त्यावरच्या पक्क्या गोदामात ठेवायचे ठरले आणि जागा कमी पडली म्हणून त्याने तुमची पोती नदीकडच्या शेडमध्ये टाकली. ठरलेल्या अटींच्या विरुद्ध वापर केला, तर त्या काळात झालेले नुकसान त्याचे, असे कलम १५४ म्हणते. इंग्लंडमधला १८८१ चा एक निकाल तर हुबेहूब गोदामाचा आहे. ठरलेल्या जागेऐवजी माल दुसऱ्या जागी ठेवला, तिथे आग लागली. आगीत त्याची काही चूक नव्हती तरी भरपाई द्यावी लागली. मात्र पूर चढताना माल वाचवायला हलवला असेल, तर ती काळजीच आहे. तो माणूस आभाराला पात्र आहे.

माल गहाण असेल तर काय बदलते?

गहाण हीसुद्धा एक प्रकारची ठेवच आहे, कर्ज फेडण्याची हमी म्हणून दिलेली. कलम १७२ मध्ये ती येते. म्हणजे तुमची हळद किंवा सोने गहाण घेणारा एकीकडे सावकार असतो आणि दुसरीकडे सांभाळणारा. कलम १५१ ची काळजी त्यालाही चुकत नाही.

महाराष्ट्रात कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत चालते. हळदीवर मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजाने. हिशोब सोपा जावा म्हणून तेच आकडे धरू, प्रसंग मात्र काल्पनिक.

एका शेतकऱ्याने ४० क्विंटल हळद तारण ठेवली. भाव क्विंटलला १२,००० रुपये धरला तर माल ४,८०,००० चा. कर्ज ३,६०,००० रुपये. सहा महिन्यांचे व्याज १०,८००. म्हणजे देणे ३,७०,८०० रुपये. पुरात खालच्या थप्प्यांतली २५ क्विंटल भिजली आणि ती ३,००० च्या भावाने गेली. वरची १५ क्विंटल कोरडी राहिली. एकूण हातात आले ७५,००० आणि १,८०,००० मिळून २,५५,०००. नुकसान २,२५,००० रुपयांचे.

कर्ज देणाऱ्याने योग्य काळजी घेतली होती असे ठरले, तर माल गेला तरी कर्ज तसेच राहते. २,५५,००० वजा जाऊन शेतकऱ्याला आणखी १,१५,८०० रुपये भरावे लागतात. हे ऐकून माणसे खचतात. ‘माल तुमच्याकडे होता, तुमच्याकडेच बुडाला, आता पैसे कसले मागता’ हा प्रश्न मनाला पटतो, पण कायदा तसा नाही.

निष्काळजीपणा ठरला, तर मात्र २,२५,००० ची भरपाई कर्जात वळती होते. १,१५,८०० चे देणे फिटून उलट १,०९,२०० रुपये शेतकऱ्याला मिळतात. चांगली हळद पूर्ण भावाने विकून कर्ज फेडले असते, तरी त्याच्या हाती नेमके एवढेच राहिले असते. भरपाईचा अर्थच तो आहे.

गहाण घेणारा माल परत देऊ शकत नाही, तरी कर्जाची वसुली लावू शकतो का?

पैसेही घ्यायचे आणि मालही ठेवायचा, असे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने लल्लन प्रसाद विरुद्ध रहमत अली या १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सांगितले आहे की कर्ज फिटल्यावर माल परत देण्याच्या स्थितीत जो नाही, किंवा गहाण घेतलेच नाही असे जो म्हणतो, त्याला कर्जाचा हुकूमनामा मिळणार नाही. माल त्याच्या चुकीविना नष्ट झाला असेल तर गोष्ट वेगळी, पण तसे झाल्याचे त्याने दाखवायला हवे.

माल विकण्यापूर्वी त्याने वाजवी मुदतीची नोटीस द्यायची असते, आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत केव्हाही पैसे भरून माल सोडवून घेण्याचा हक्क तुमचा असतो. विक्रीतून कर्जापेक्षा जास्त आले तर वरची रक्कम तुमची.

सोने तारणाचे नियम वेगळे आहेत का?

पाया तोच, पण रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँका आणि वित्तीय कंपन्यांसाठी नियम अधिक नेमके केले. कर्ज पूर्ण फिटल्यावर दागिने जास्तीत जास्त सात कामकाजी दिवसांत परत द्यायचे. कर्ज देणाऱ्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. त्यांच्याकडे असताना दागिना मोडला तर दुरुस्तीचा खर्च त्यांचा, हरवला किंवा वजन-शुद्धतेत तफावत आली तर योग्य भरपाई. दागिने ठेवताना वजनाची आणि शुद्धतेची लेखी नोंद मिळते. ती कर्ज फिटेपर्यंत जपा, कारण परत घेताना तेवढ्याच कागदाशी ताडून बघता येते.

गोदामवाल्याने विमा उतरवला होता. त्यातला पैसा मला मिळू शकतो का?

मिळू शकतो. कर्नाटकात जानेवारी २०१४ मध्ये एका शीतगृहाला आग लागून शेतकऱ्यांचा सगळा माल जळाला. मालावर बँकेचे कर्ज होते आणि विमा शीतगृहाने उतरवला होता. ‘आमचा करार शीतगृहाशी, शेतकऱ्यांशी नाही’ असे विमा कंपनीचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कॅनरा बँक विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या निकालात ते फेटाळले आणि शेतकऱ्यांना ग्राहक मानले. म्हणून माल ठेवतानाच विचारा : विमा आहे का, किती रकमेचा, आणि त्यात पूर धरला आहे का? आगीचा विमा दाखवून पुराची खात्री देणारे भेटतात, त्यामुळे पॉलिसीची प्रत डोळ्यांनी बघा.

माल भिजल्याचे कळले. पहिल्या दोन दिवसांत काय करायचे?

पोती हलवण्याआधी थप्पी आहे तशी मोबाइलवर टिपा. ओल कुठे आहे, यावरच पुढचा सगळा युक्तिवाद उभा राहतो. खालचे दोन-तीन थर भिजलेत आणि भिंतीवर गाळाची रेघ आहे, तर पाणी बाहेरून आले. वरची पोती भिजलीत आणि खालची कोरडी आहेत, तर पत्रा गळत होता. मग पुराचे कारण चालत नाही, कारण पावसाळ्याआधी पत्रे तपासणे हे गोदामवाल्याचेच काम. गाळ नाही, पाण्याची रेघ नाही, पण तळाच्या पोत्यांना बुरशी चढली आहे, तर थप्पी लाकडी फळ्यांवर न रचता थेट फरशीवर ठेवली असण्याची शक्यता मोठी. एका प्रकरणात गोदामवाला पूर पूर म्हणत होता आणि आमच्याकडच्या फोटोत सर्वात वरच्या पोत्यावर पत्र्याच्या गंजाचे तांबडे ओघळ दिसत होते. पुढे फार बोलावे लागले नाही.

तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि त्यात लॉट नंबर, पोत्यांची संख्या, भिजलेली किती, कोरडी किती हे लिहून घ्या. प्रत्येक लॉटचा नमुना दोघांच्या सहीने बांधून ठेवा. मग भिजलेली हळद लगेच उन्हात पसरा. ‘खटला आहे, हात लावायचा नाही’ म्हणून माल कुजू दिला, तर टाळता आले असते तेवढे नुकसान तुमच्या माथी येते. वाळवणीची मजुरी आणि वाहतूक मात्र भरपाईत मागता येते, त्या पावत्या ठेवा.

हळद मुळात नीट वाळलेली नव्हती आणि तुम्ही तसे सांगितले नाही, तर गोदामवाला कलम १५० दाखवील. मालातला माहीत असलेला दोष सांगणे हे ठेवणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि तुमच्या ओल्या पोत्यांमुळे शेजारची थप्पी खराब झाली तर मागणी उलट तुमच्याकडे येऊ शकते.

दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची?

भाडे देऊन माल ठेवला असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. दिवाणी न्यायालयात ठेवलेला किंवा गहाण टाकलेला माल परत मिळवण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि ती तुम्ही मागणी केल्यावर समोरच्याने नकार दिला त्या दिवसापासून मोजतात. तुमची मागणी आणि त्याचा नकार, दोन्ही तारखेसह कागदावर असले पाहिजेत. नोंदणीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पोचपावती फाइलला लावा. पाकीट न घेता परत आले तर ते फोडू नका, शिक्का दिसेल तसेच ठेवा.